कानासाठी लिहिलेली गोष्ट

कथाकथनाच्या संध्याकाळी हमखास पडते ती मासिकात उत्तम वाटलेली कथा. लेखक कागद हातात घेऊन उभा राहतो, वाक्यं सुंदर असतात, उच्चार स्वच्छ असतात, आणि तरी तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. वाचकाला एखादं वाक्य नीट कळलं नाही तर तो दोन ओळी मागे जातो. श्रोत्याला ती सोय नाही. जे निसटलं ते निसटलं, आणि ते आठवत बसला तर पुढचंही निसटतं. म्हणून सांगायची गोष्ट मुळातच वेगळी लिहावी लागते. आवाजाची फेक, हावभाव हे सगळं नंतरचं.

शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव एकत्र जाऊन कथा सांगत. पुढे व. पु. काळे एकट्याने तासन्‌तास सभागृह धरून ठेवत. त्यांची ध्वनिमुद्रणं मिळतात. ती ऐकताना विनोदांकडे लक्ष देऊ नका. कोणत्या शब्दानंतर ते थांबतात आणि हशा ओसरताना पुन्हा कधी सुरू होतात, एवढंच ऐका. पुस्तक शेजारी उघडं ठेवलंत तर आणखी बरं.

आता कामाला लागू. समजावून सांगायला सोपं जावं म्हणून मी एक छोटी गोष्टच रचते आणि तीच शेवटपर्यंत वापरते.

एक वाडी आहे. काळ कागदी तिकिटांचा. रोज रात्री तिथे मुक्कामाची एसटी येते. पाराजवळच्या घरात आक्का राहते. तिचे डोळे गेलेत, मुलगा मुंबईला आहे, घरात सून सुमन. खिंडीत गाडीचा आवाज आला की आक्का विचारते, “सुमे, गाडी आली का गं?” सून म्हणते, “आली, आत्याबाई.” आक्का विचारते, “कोण हाय आज?” सून पाराकडे बघून सांगते, “कोणी न्हाई, आत्याबाई.” सगळी वाडी हळहळते, की म्हातारी लेकाची वाट बघते. एक दिवस लेक खरंच येतो, पाया पडतो. आक्का त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि विचारते, “कंडक्टर कोण हाय?” कंडक्टर पुढे येतो. आक्का कनवटीतून एक चुरगळलेलं तिकीट काढते. त्याच्या मागे लिहिलेलं असतं, तीन रुपये बाकी.

ही गोष्ट कागदासाठी लिहायची तर पहिलं वाक्य साधारण असं होईल: ‘डोंगराच्या कुशीत वसलेल्या, जेमतेम चाळीस उंबऱ्यांच्या त्या वाडीत, जिथे दिवसातून एकदाच आणि तीही रात्री मुक्कामाला एसटी येत असे, तिथे पाराला लागून असलेल्या घराच्या ओसरीवर, मोतीबिंदूने दृष्टी गेलेली आणि एकुलता एक मुलगा मुंबईला नोकरीस असलेली आक्का रोज संध्याकाळी बसलेली असे.’

वाचायला यात काही गैर नाही. ऐकायला मात्र हे वाक्य म्हणजे शिक्षा आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे डोंगर, वाडी, एसटी, ओसरी, मोतीबिंदू, मुंबई हे सगळं श्रोत्याला डोक्यात धरून ठेवावं लागतं. कोण आणि काय करतंय हे कळतं सगळ्यात शेवटी, आणि तोवर अर्धं सांडलेलं असतं. ‘जिथे–तिथे’, ‘ज्याने–त्याने’ अशा जोड्यांची वाक्यं तर पहिल्याच खर्ड्यात तोडून टाकावीत.

सांगण्यासाठी तीच सुरुवात मी अशी लिहीन:

“वाडी लहान. चाळीस उंबरे. आणि गाडी एक. रात्री आठला यायची, पहाटे सहाला जायची. मुक्कामाची एसटी. पाराला लागून पहिलं घर आक्काचं. आक्का ओसरीवर बसलेली. डोळे गेलेले. पण कान! तिकडं खिंडीत गाडीनं गिअर बदलला, की इकडं आक्काची मान वर. ‘सुमे, गाडी आली का गं?’”

इथे एका श्वासाला एकच नवी गोष्ट आहे. ‘येत असे’चं ‘यायची’ झालं, कारण ‘असे’ बोलताना कोणी म्हणत नाही आणि ते ऐकू आलं की श्रोत्याला कागद दिसायला लागतो. मुंबईचा मुलगा इथून काढून टाकला. ही गोष्ट तीन संध्याकाळींत सांगायची, आणि त्याचा उल्लेख दुसऱ्या संध्याकाळी येईल, श्रोते आक्काला ओळखायला लागल्यावर. पण एक धोकाही आहे. अशी तुटक वाक्यं सलग दहा-बारा आली की तार वाचल्यासारखं वाटतं आणि कान थकतो. म्हणून लगेच एक लांब वाक्य हवं, एका दमात म्हणायचं: “खिंडीतनं खाली, ओढ्यावरनं, शाळेच्या मागनं, धूळ उडवत, हॉर्न देत, गाडी यायची ती थेट पारापाशी.” हे वाक्य लांब असूनही जड नाही, कारण त्यात काही धरून ठेवायचं नाही. एकेक ठिकाण येतं आणि मागे पडतं, गाडीसारखंच. गोष्टीची लय म्हणतात ती अशी तुटक आणि वाहत्या वाक्यांच्या अदलाबदलीतून येते. मुद्दाम सुरात म्हटल्याने ती येत नाही.

मराठीत सांगताना सगळ्यात जास्त घात करणारा शब्द ‘नाही’. तो वाक्याच्या टोकाला येतो, आणि वाक्याच्या टोकाला आपला आवाज आपोआप उतरतो. ‘त्या दिवशी गाडीतून कोणीही ओळखीचं उतरलं नाही’ यातलं ‘नाही’ पंख्याच्या आवाजात विरलं, की मागच्या चार रांगांसाठी कोणीतरी उतरलं! ‘होता’ आणि ‘नव्हता’ यांचंही असंच. गोष्ट ज्या नकारावर उभी आहे तो असा टोकाला लोंबकळत ठेवू नका. “उतरलं कोण? कोणी नाही.” असं दोन वाक्यांत तोडलं की नकाराला स्वतःचा श्वास मिळतो. आपला खर्डा घ्या, प्रत्येक ‘नाही’, ‘नव्हती’, ‘नको’ला गोल करा, आणि त्यातले गोष्टीला लागणारे तेवढे सोडवून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढ्यानेही गोष्ट किती स्वच्छ ऐकू येते हे अनुभवल्याशिवाय पटत नाही.

संवादांचंही असंच. छापील कथेत अवतरणचिन्हं असतात आणि मागून ‘असे ती खिन्नपणे म्हणाली’ येतं. कानाला ते फार उशिरा कळतं. बोललं कोण हे बोलण्याआधी किंवा बोलण्यातच कळायला हवं. आपल्या गोष्टीत ‘सुमे’ आणि ‘आत्याबाई’ हे दोन शब्द ते काम करतात. एकीने ‘सुमे’ म्हटलं की बोलणारी आक्का, दुसरीने ‘आत्याबाई’ म्हटलं की बोलणारी सून. त्यामुळे ‘म्हणाली’ जवळजवळ लागतच नाही. जोडीला मानेचा थोडासा कोन पुरे. आक्का ओसरीवर बसलेली, म्हणून ती किंचित वर आणि डावीकडे तोंड करून विचारते. सून उभी, ती किंचित खाली आणि उजवीकडे बघून उत्तर देते. एकदा ठरवलेली दिशा शेवटपर्यंत बदलायची नाही. दोघींचे दोन वेगळे आवाज काढायचा सोस टाळावा. म्हातारीचा कापरा आवाज पहिल्या मिनिटाला गंमतीचा वाटतो, आठव्या मिनिटाला त्याचा त्रास होतो, आणि पुढे लेक पाया पडतो त्या प्रसंगाला तो आवाज मारून टाकतो. बोलीबाबतही तेच. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘लिवलंय’ तुमच्या तोंडात सहज येत असेल तरच वापरा. नाहीतर पात्रांना तुमच्या घरच्या भाषेत बोलू द्या.

आता ध्वनी. मराठीत ध्वनीचे शब्द भरपूर, त्यामुळे मोह होतो. दार धाडकन, भांडं खणकन, पाऊस धो धो, कुत्रा भो भो. हे सगळं एका गोष्टीत आलं तर कशालाच किंमत राहत नाही. एक आवाज निवडावा आणि तोच गोष्टभर फिरवावा. आपल्या गोष्टीत तो खिंडीतल्या गिअरचा. पहिल्या संध्याकाळी तो पूर्ण काढायचा, घशातून, खालच्या पट्टीत: घर्रर्र… आणि चढ चढून झाल्यावर हलका होत गेलेला. दुसऱ्या संध्याकाळी अर्धाच. तिसऱ्या संध्याकाळी आवाज काढायचाच नाही. बोलता बोलता थांबायचं आणि आक्कासारखी मान वर करायची. समोरचे लोक तो आवाज स्वतःच ऐकतात. कथाकथनात मला सगळ्यात प्रिय असलेला क्षण हा आहे, आणि तो मिळवायचा तर आधीच्या दोन वेळा प्रामाणिकपणे आवाज काढावाच लागतो.

पालुपदालाही हाच नियम. “सुमे, गाडी आली का गं?” “आली, आत्याबाई.” “कोण हाय आज?” “कोणी न्हाई, आत्याबाई.” या चार ओळी अक्षर न बदलता यायला हव्यात. लिहिताना आपल्याला पुनरुक्तीची भीती वाटते आणि आपण दुसऱ्या वेळी ‘आली की नाही एसटी?’ असं काहीतरी करतो. कानाला ओळखीची ओळ पुन्हा भेटण्यात आनंद असतो. आजी गोष्ट सांगायची तेव्हा मुलांनी हुंकार द्यायचा असे, हुंकार थांबला की आजी थांबायची. सभागृहातले लोकही हुंकार देतात, फक्त तो ऐकायची तयारी हवी. तिसऱ्या वेळी “सुमे, गाडी आली का गं?” म्हणून अर्धा श्वास थांबलात, की पुढच्या रांगेतून कोणीतरी हलकेच “आली, आत्याबाई” म्हणतं. म्हटलं तर त्या दिशेने बघून मान डोलवा आणि पुढची ओळ घ्या. नाही म्हटलं तर स्वतः म्हणा. ‘चला, सगळे म्हणा’ असं सांगू नका. मोठ्या माणसांना ते शाळेसारखं वाटतं आणि ती आखडतात.

या पालुपदात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. ‘कोण हाय आज?’ याचा अर्थ श्रोते लावतात, गाडीतून कोण उतरलं. आक्काच्या मनात असतं, आज ड्यूटीवर कंडक्टर कोण. शेवट उलगडल्यावर दोन्ही अर्थ खरे ठरायला हवेत, म्हणून हा प्रश्न पहिल्यापासून सरळ, कामाच्या सुरात विचारायचा. त्यात आर्तता भरलीत तर तुम्ही श्रोत्याला फसवलंत असं होईल. ती हळहळ वाडीतल्या लोकांच्या तोंडी घाला. “लेकाची वाट बघती म्हातारी” असं पारावरचा माणूस म्हणतो, तुम्ही नाही.

शेवट कळण्यासाठी श्रोत्याला एक माहिती आधीच हवी. सुटे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे. तरुण श्रोत्यांपैकी अनेकांनी हे पाहिलेलं नसेल, आणि शेवटच्या ओळीला ते समजावत बसलात तर गोष्ट तिथेच संपली. म्हणून ते पहिल्याच संध्याकाळी पेरायचं, आणि हशाखाली पेरायचं. गाडीतून एक माणूस भांडत उतरतो: “माझे आठ आणे!” कंडक्टर म्हणतो, “तिकिटामागं लिहिलंय की.” माणूस म्हणतो, “मग उद्या हे तिकीट वाण्याला देऊन चहापूड आणू का?” लोक हसतात. हसण्यात माहिती आत जाते आणि विसरलीही जाते, आपल्याला नेमकं तेच हवं असतं. नुसतं निवेदनात सांगितलं असतं तर चाणाक्ष श्रोत्याने लगेच ओळखलं असतं, की हे कशासाठी तरी ठेवलंय. आक्काचा हात कनवटीला जातो ही खूणही तीनदा यायला हवी, पण शब्दांत फक्त पहिल्यांदा. पुढच्या दोन वेळा तुमचा हात तिथे गेला की पुरे.

हशा कसा सांभाळायचा याबद्दल नवीन सांगणाऱ्यांच्या मनात फार घोळ असतो. हशा फुटतो, चढतो आणि ओसरतो. चढत असताना बोलायला लागलात तर दोन गोष्टी होतात. तुमचे शब्द बुडतात, आणि लोकांना वाटतं की हसलो तर पुढचं हुकेल, म्हणून ते पुढच्या वेळी हसू आवरतात. पूर्ण शांत होईपर्यंत थांबलात तर गोष्टीचा जोर जातो. हशा निम्म्याहून खाली आला की सुरुवात करा, आणि पहिले दोन-तीन शब्द बुडले तरी चालतील असे ठेवा: “तर मंडळी,” “मग काय,” “झालं असं”. नाव, संख्या, नातं यातलं काहीही हशानंतरच्या पहिल्या शब्दांत नको. आणि ज्या ओळीवर हशा अपेक्षित आहे तिथे तो आलाच नाही, तर थांबून वाट बघू नका, पुन्हा सांगू नका. ओळ अशी लिहिलेली असावी की ती साधं निवेदन म्हणूनही चालून जाईल. वरचं चहापुडीचं वाक्य तसं आहे. कोणी हसलं नाही तरी भांडण चाललंय एवढं कळतंच.

हशा ज्या शब्दावर फुटतो तो वाक्याचा शेवटचा शब्द हवा. ‘आक्का मुलाची नव्हे तर कंडक्टरकडे राहिलेल्या तीन रुपयांची वाट बघत होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं’ या वाक्यात ‘तीन रुपये’ मध्येच येऊन जातात, आणि लोकांना हसायचं असतं तेव्हा तुम्ही अजून क्रियापदं पुरवत असता. त्याऐवजी:

“आक्का तिकीट पुढं करते. ‘बघ बाबा. मागं काय लिवलंय?’ कंडक्टर तिकीट उलटं करतो. उजेडात धरतो. वाचतो. ‘तीन… रुपये.’”

इथे काळही बदलला आहे. गोष्टभर ‘बसायची’, ‘यायची’ होतं, कारण ते रोजचं होतं. लेक उतरला त्या क्षणापासून ‘उतरतो’, ‘वाकतो’, ‘करते’. हा बदल जाहीर करावा लागत नाही. क्रियापद बदललं की लोक खुर्चीत पुढे सरकतात.

‘तीन रुपये’च्या अगोदरची शांतता मात्र जपावी लागते. लेक पाया पडतो, आक्का त्याच्या तोंडावरून हात फिरवते, तिथे सभागृह गप्प होतं आणि काहींचे डोळे भरतात. विनोद पुढे आहे हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तिथे घाई होते. घाई करू नका. लोकांना खरोखर वाटू द्या की भेट झाली, कारण ती झालेलीच आहे. आक्काचं लेकावर प्रेम नाही असं गोष्ट म्हणत नाही. चांगल्या शांततेत पंख्याचा आवाज ऐकू येतो. वाईट शांततेत खुर्च्या करकरतात, खोकला येतो, मोबाइलचे उजेड दिसतात. वाईट शांतता आली तर आवाज चढवू नका आणि वेगही वाढवू नका. उलट आवाज थोडा उतरवा आणि गोष्ट आखूड करा. यासाठी लिहितानाच एखादा परिच्छेद चौकटी कंसात टाकून ठेवावा, गाळला तरी धागा तुटणार नाही असा. आपल्या गोष्टीत तो लेकाच्या मुंबईतल्या खोलीचा. लोक रमलेले असतील तर सांगायचा, नाहीतर सरळ पुढच्या संध्याकाळवर यायचं.

लांबीचा हिशेब सोपा आहे. सांगताना मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा. बारा मिनिटं मिळाली असतील तर कागदावर हजारच्या आसपास शब्द असावेत, उरलेला वेळ हशाचा आणि थांबण्याचा. बाराशे लिहिलेत तर शेवट घाईत उरकावा लागेल, आणि शेवटाचीच गोष्ट असेल तर ते परवडत नाही.

पाठ करायचं ते पहिलं वाक्य, पालुपद आणि शेवटच्या पाच ओळी. बाकी प्रसंगांचा क्रम डोळ्यांसमोर ठेवून सांगा. सगळं पाठ केलेला माणूस एक शब्द विसरला की तिथेच अडतो. तालमीसाठी फोनवर मुद्रण करा आणि भाजी निवडताना ऐका, कागद समोर नको. जिथे तुमचंच लक्ष भाजीकडे गेलं तिथे खूण करा. मग गोष्ट न वाचलेल्या एखाद्या माणसाला ती सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून ऐका. त्याने चहापुडीचं भांडण गाळलं तर चालेल. आक्काची कनवट गाळली तर ती खूण नीट पोचलेली नाही.

माइकसमोर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात, म्हणून तोंड त्याच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला ठेवा, चार बोटांवर. आपला घर्रर्र तर त्यात मोठा होऊन येईल, तो घरच्या तालमीपेक्षा निम्म्या आवाजात काढा.

शेवटची ओळ म्हटल्यावर ‘धन्यवाद’ म्हणू नका, ‘गोष्ट संपली’ म्हणू नका. माइकपासून अर्धं पाऊल मागे या, एवढ्याने लोकांना कळतं. घरी गेल्यावर त्याच रात्री खर्ड्याच्या समासात लिहून ठेवा, हशा कुठे आला, कुठे आला नाही, कुठे शांतता पडली. माझ्या पहिल्या खर्ड्यात ‘तीन रुपये’नंतर आक्का हात पुढे करून म्हणत होती, “आण.” पण हशा ‘रुपये’वरच फुटला आणि ‘आण’ कोणालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्या वेळी मी तो शब्द काढला आणि फक्त हात पुढे केला.